लाल म्हणजे नेमकं कोणाचं?

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात पुस्तिका, अहवाल, स्मरणिका असं सगळं छापायला जाण्याआधी येतं. मजकूर तपासायचा, नीट लावायचा आणि प्रेसला द्यायचा, एवढंच आमचं काम. त्या दिवशी काटोलकडच्या संत्रा बागायतदारांच्या एका संघाची पुस्तिका होती. आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडून ताण कसा द्यायचा, पाणी पुन्हा कधी सोडायचं, असा विषय. वर्डची फाइल Track Changes चालू ठेवून, म्हणजे प्रत्येक बदलाची खूण राहील अशी, आधी तिघांच्या हातून फिरून आली होती: संघाचे सचिव, कृषितज्ज्ञ मॅडम आणि संघाचे हिशेबनीस.

फाइलच्या मागोमाग व्हॉट्सॲपवर सचिवांचा स्क्रीनशॉट आला. सातव्या पानाचा. लाल, निळ्या, हिरव्या अक्षरांची गर्दी आणि बोटाने काढलेले वेडेवाकडे गोल. खाली निरोप: "ताई, लाल ते सगळं घ्या. हिरवं नको. निळं मॅडमचं आहे, ते विचारून घ्या. संध्याकाळी प्रेसला द्यायचं आहे बाप्पा."

मी फाइल उघडली. स्क्रीनशॉटमध्ये लाल असलेली ओळ माझ्याकडे जांभळी होती, आणि माझ्याकडचं लाल भलत्याच परिच्छेदावर. यात बिघडलेलं काहीच नव्हतं. वर्डमध्ये रंग 'By author' वर असले की प्रत्येक तपासणाऱ्याला रंग वाटण्याचं काम तो संगणक आपल्या आपण करतो. रंग फाइलबरोबर प्रवास करत नाही. नाव, तारीख आणि वेळ तेवढी येते. म्हणजे "लाल घ्या" हा निरोप त्यांच्या टेबलापुरताच खरा होता.

हिरव्याची गंमत तर वेगळीच. त्यांना वाटलं हिरवं म्हणजे हिशेबनीसांचं. मी झूम करून पाहिलं तर त्या अक्षरांखाली दुहेरी रेघ. दुहेरी हिरवी रेघ म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवलेला मजकूर, मग तो कोणीही हलवलेला असो. आणि हलवला होता खुद्द सचिवांनीच, ठिबकचा परिच्छेद वर नेला होता. "हिरवं नको" म्हणून मी Reject केलं असतं, तर त्यांचंच काम उलटं फिरून परिच्छेद जुन्या जागी गेला असता.

फोन लावला. "काका, रंग सोडा, नावाने सांगा. कोणाचे बदल न विचारता घ्यायचे?"

"माझे सगळे. हिशेबनीसांचं आकडे सोडून बाकी काही घेऊ नका."

मग फाइलची प्रत केली, मूळ बाजूला ठेवली आणि Review मधल्या Show Markup मध्ये Specific People उघडलं. तिथे तीन नावं अपेक्षित होती. होती दोनच: मॅडमचं पूर्ण नाव आणि 'HP'. संगणक घेतल्यापासून कोणी नाव भरलंच नसलं की असं होतं. सचिव आणि हिशेबनीस दोघंही HP, म्हणून दोघांचा रंगही एकच. नावाने चाळणी लावून इथे भागणार नव्हतं. बदलावर कर्सर नेला की तारीख आणि वेळ दिसते, तेवढाच धागा उरला. सचिवांनी सांगितलं, त्यांनी सकाळी पाहिलं आणि हिशेबनीसांनी दुपारी जेवणानंतर. Reviewing Pane उघडून HP च्या एकेका बदलाची वेळ बघत गेले तर दोन गठ्ठे सरळ वेगळे झाले. अशा फाइलवर एका फटक्यात सगळं घेण्याचा प्रश्नच येत नाही, एकेक बदल बघत जावं लागतं.

तसं चाळणी लावल्यावर Accept च्या खालच्या यादीत Accept All Changes Shown हा पर्याय चालू होतो आणि तो फक्त दिसत असलेलेच बदल घेतो. त्याच्याच शेजारी Accept All Changes असतं, ते मात्र न दिसणारेही घेऊन टाकतं. घाईत दोघांपैकी कोणावर बोट पडेल सांगता येत नाही. मी तर Shown लाही लगेच हात लावत नाही, आणि त्याचं कारण याच फाइलमध्ये सातव्या पानावर बसलं होतं.

तिथे सचिवांनी एक वाक्य खोडलं होतं: भारी काळ्या जमिनीत ताण बसायला हलक्या जमिनीपेक्षा जास्त दिवस लागतात. पुस्तिका लांबतेय म्हणून खोडलं असावं. मॅडमनी त्याच वाक्यावर शेरा ठेवला होता: "हे काढू नका. दिवस मोजू नका, पानं बघा असं लिहा." आणि पुढे त्यांनी सुचवलेलं दीड ओळीचं वाक्य. म्हणजे बदलायचा नवा मजकूर पानात नव्हताच, तो शेऱ्याच्या पोटात होता.

आता फक्त HP चे बदल दिसतील अशी चाळणी लावली की मॅडमचे शेरेही पडद्यावरून जातात. मग खोडलेलं वाक्य घेतलं की ते वाक्य जातं, आणि शेरा पूर्णपणे त्याच वाक्याला बांधलेला असेल तर तोही त्याच्याबरोबर जातो. वर्ड काही विचारत नाही. पान नीटनेटकं दिसतं, वाक्याला वाक्य जुळतं, आणि काय गेलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. शेतकऱ्याला काळ्या जमिनीचं काही सांगितलंच नाही, हे पुस्तिका वाटून झाल्यावर कळलं असतं.

म्हणून मी आधी सगळी चाळणी काढली, सगळे शेरे दिसू दिले, आणि File, Print मध्ये जाऊन पहिल्या यादीतून List of Markup निवडून सगळे बदल आणि शेरे कागदावर काढले. हा कागद माझ्यासाठी पावतीसारखा असतो. प्रत्येक शेऱ्यापुढे पेनने लिहिलं: घेतला, विचारायचा, नको. ज्यात मजकूर लपलाय असे शेरे आधी पानात उतरवले आणि मगच खालची खोडाखोड हातावेगळी केली. मॅडमना फोन केला, त्यांनी वाक्य वाचून दाखवायला सांगितलं आणि एक शब्द बदलला. सचिवांनाही विचारलं. "असं होय! मग राहू द्या ना, मला काय माहीत त्यांनी तिथे लिहिलंय," ते म्हणाले. त्यांच्या पडद्यावर शेरे दिसतच नव्हते, कारण त्यांनी Show Markup मधली Comments वरची खूण काढून ठेवली होती.

शेवटी उलटतपासणी. बाजूला ठेवलेल्या मूळ फाइलची आणखी एक प्रत घेऊन तिच्यावर Reject All Changes केलं, म्हणजे तिघांच्या हातात जाण्याआधीचा मजकूर मिळाला. मग Review मधल्या Compare ने तो आणि माझी तयार फाइल समोरासमोर लावली. दोन्हींत अर्धवट बदल उरलेले नकोत, कारण Compare ते घेतलेलेच समजून चालतं. जे आलं त्यातले नवे शब्द मी घाईने पाहिले, पण खोडलेले एकेक करून कागदावरच्या खुणांशी ताडले. एका तक्त्यातली खर्चाची एक ओळ गेलेली दिसली, कागदावर तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. हिशेबनीसांना विचारलं तर ती खरंच दुबार होती, काढायलाच हवी होती. ओळीपुढे तशी खूण केली आणि फाइल प्रेसला गेली.

सचिवांना पुढच्या वेळेसाठी सांगितलं की File, Options, General मध्ये User name आहे, तिथे आपापलं नाव घाला. त्यांनी लगेच घातलं आणि फोन केला, जुन्या फाइलीत अजून HP च का दिसतंय म्हणून. जुन्या बदलांवरचं नाव असं मागाहून बदलत नाही, ते पुढच्या बदलांनाच लागतं. "मग हिशेबाच्या संगणकावर पण आजच घालतो," म्हणाले, आणि तिकडूनच ओरडून हिशेबनीसांना त्यांचं नाव इंग्रजीत कसं लिहितात ते विचारू लागले.