कंपनीचं सिम परत देण्याआधी पाठवलेला निरोप

मराठीत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: सांगावा, आणि जाताना घेतो तो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली क्वालिटी विभागातली नोकरी सोडताना मला सहकाऱ्यांसाठी पहिल्या अर्थाचा निरोप लिहायचा होता.

पहिला मसुदा दीड पानाचा झाला. त्यात बारा जणांचे नावानिशी आभार होते, आणि तिथेच तो फसला. बारा नावं घेतली की तेरावा दुखावतो, आणि तेरावा हमखास तोच असतो ज्याने रात्रपाळीत आपल्यासाठी मशीन थांबवून पीस मोजू दिला. नावं काढली आणि सगळ्यांना लागू होईल अशी एकच खरी गोष्ट ठेवली. शेवटी राहिलं ते असं:

“नमस्कार. शुक्रवार हा माझा इथला शेवटचा दिवस. गेज कॅलिब्रेशनची यादी आणि कस्टमर कम्प्लेंटच्या फाईली आता लाईन दोनच्या इन्स्पेक्टरकडे आहेत. कुठली फाईल कुठे आहे एवढं विचारायचं असेल तर मला बिनधास्त फोन करा. रिजेक्शन लपवून न ठेवता लगेच सांगायची इथली सवय मी सोबत नेतोय. कंपनीचा नंबर शुक्रवारी बंद होईल. माझा स्वतःचा नंबर आणि मेल खाली आहे, आजच सेव्ह करून ठेवा.”

मूळ संदेशात अर्थातच इन्स्पेक्टरचं नाव आणि इंटरकॉम नंबर होता. ‘काहीही लागलं तर सांगा’ असं मुद्दाम लिहिलं नाही. तसं लिहिलं की लोक संकोचाने फोनच करत नाहीत, नाहीतर नव्या ड्रॉइंगचा निर्णयही विचारतात, जो देण्याचा मला आता अधिकार नाही. फाईलीचा ठावठिकाणा सांगणं ही नेमकी आणि निभावता येणारी मदत आहे. नवी नोकरी कुठे, हेही लिहिलं नाही. रुजू झाल्यावर ज्याला हवं त्याला सांगता येतं.

गोकाक, बैलहोंगलकडच्या ऑपरेटरांना मराठी बोलता येतं, पण वाचायला सगळ्यांनाच जमत नाही. त्यांच्यासाठी खाली कन्नडमध्ये दोनच ओळी घातल्या, शेवटचा दिवस आणि नवा नंबर. कन्नड घरच्या सहकाऱ्याकडून त्या आधी तपासून घेतल्या. पूर्ण भाषांतराची गरज नव्हती.

मेल शेवटच्या दिवशी पाठवू नये. माझ्या कंपनीत आयटीवाले दुपारीच मेलबॉक्स बंद करतात, म्हणजे आलेली उत्तरं वाचायला मिळत नाहीत. मी आदल्या दिवशी सकाळी पाठवला, सगळे पत्ते बीसीसीत ठेवून. ते ‘टू’मध्ये टाकले की एकाने सगळ्यांना उत्तर दिलं तरी चाळीस जणांच्या पेटीत शुभेच्छांचा ढीग पडतो. ग्राहकांचे आणि व्हेंडरांचे पत्ते घेतले नाहीत. त्यांना कळवणं मॅनेजरचं काम आहे, आणि ते संपर्क कंपनीचे आहेत.

खरी मेख व्हॉट्सअ‍ॅपची होती. शॉपफ्लोअरवर मेल कोणी बघत नाही, म्हणून तिथे ब्रॉडकास्टच हवा. पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला असतो त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. नव्या सिमवरून पाठवला असता तर तो कुणाकडेच गेला नसता, कारण तो नंबर कुणाकडे नव्हताच. म्हणून कंपनीचं सिम हातात असतानाच, जुन्या नंबरवरून पाठवला. संध्याकाळी त्या मेसेजची माहिती उघडली. कोणाला पोचला, कोणी वाचला हे तिथे दिसतं. जे यादीत दिसले नाहीत त्यांना एकेकट्याला पाठवला. त्यात कॅन्टीनचे मामा आणि गेटवरचे दोघे होते. माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये कधी गेलाच नव्हता.

त्यानंतरच व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये, अकाउंटखाली, नंबर बदलला. तिथे जुना आणि नवा नंबर टाकावा लागतो. पडताळणीचा कोड नव्या सिमवर येतो, त्यामुळे नवं सिम आधी सुरू झालेलं हवं. ग्रुप आणि जुन्या गप्पा तशाच राहतात. बदल कुणाकुणाला कळवायचा तेही तिथेच निवडता येतं, पण समोरच्याच्या फोनमध्ये नवा नंबर आपोआप सेव्ह होत नाही. म्हणून ‘आजच सेव्ह करा’ ही ओळ संदेशात हवीच.

बँक आणि पीएफचा यूएएन कंपनीच्या नंबराला जोडलेले असतील तर तेही सिम देण्याआधी बदलून घ्यावेत, कारण ओटीपी त्याच सिमवर येतो. आधारचा मोबाईल नंबर बदलायचा असेल तर त्यासाठी आठवडाभर आधीच वेळ काढावा. मी सिम एचआरकडे दिलं तेव्हा रजिस्टरमध्ये नंबर आणि तारीख लिहून पोच घेतली, कारण ते सिम पुढे दुसऱ्या कुणाला मिळणार होतं.