पाचव्या ओळीत उलटलेला अपूर्णांक

मंगळवार, रात्री साडेदहा

आज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझा स्वतःचा अभ्यास जवळपास झालाच नाही. तरी दिवस वाया गेला असं अजिबात वाटत नाहीये. सगळी संध्याकाळ मैत्रिणीच्या वहीतल्या एका गणितात गेली आणि ते गणित अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून झोपण्याआधी लिहून ठेवते.

चारच्या सुमारास ती माझ्या टेबलापाशी आली. "अगं, हे बघ ना. तीनदा सोडवलं. चिन्ह बरोबर येतंय, पण आकडा येत नाहीये. माझं अँटीलॉग चुकतंय बहुतेक."

गणित असं होतं: कोरड्या हवेचा एक मोल, तापमान ३०० केल्विन, दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर. अ‍ॅडियाबॅटिक पद्धतीने, म्हणजे उष्णता आत-बाहेर जाऊ न देता, हळूहळू, दाब १० अ‍ॅटमॉस्फिअर होईपर्यंत ती दाबली. गॅमा १.४. शेवटचं तापमान किती आणि वायूने केलेलं कार्य किती? पुस्तकामागे फक्त कार्याचं उत्तर दिलं होतं, उणे ५.८ किलोज्यूल. तिचं आलं होतं उणे ३.० किलोज्यूल.

दुपारभर ती लॉगच्या पुस्तकात अडकली होती. उणे ०.२८५७ चं अँटीलॉग काढायचं म्हणजे आधी ते 'बार वन पॉइंट ७१४३' असं लिहावं लागतं, आणि बार आला की आमच्या वर्गात निम्म्यांचा हात थरथरतो. पण तिचा बार बरोबर होता. ०.५१८ आलं होतं, ते ३०० ने गुणून १५५.४. मी दोनदा ताडून पाहिलं, आकडेमोडीत काहीच चूक नव्हती.

मग तिने दुसरी शंका काढली. "५.८ म्हणजे ३.० च्या जवळजवळ दुप्पट. कुठेतरी दोन राहिलाय का? हवेतले रेणू दोन अणूंचे, त्याचा दोन?" आम्ही तो दोनही शोधला. सापडला नाही, कारण तो कुठे नव्हताच. शेवटी मी म्हटलं, मागून पुढे नको जाऊया, पहिल्या ओळीपासून एकेक ओळ बघू. तू बोलत जा, मी बोट ठेवते.

तिची वही इथे जशीच्या तशी उतरवते:

```
1) P V^γ = K
2) V = nRT/P
3) P^(1-γ) T^γ = K
4) (T2/T1)^γ = (P1/P2)^(1-γ)
5) T2/T1 = (P2/P1)^((1-γ)/γ)
6) T2 = 300 × 10^(-0.2857) = 155.4 K
7) W = nR(T2 - T1)/(γ-1) = -3006 J
```

पहिली ओळ लिहायची परवानगी आहे का, हे आम्ही आधी पाहिलं. ते सूत्र सगळ्याच अ‍ॅडियाबॅटिक बदलांना लागू होत नाही. दाब पायरीपायरीने, वायूला सावरायला वेळ देत वाढवला असेल तरच चालतं. गणितात 'हळूहळू' हा शब्द होता, म्हणून ठीक. तो नसता आणि दट्ट्यावर एकदम १० अ‍ॅटमॉस्फिअरचा दाब टाकला असता, तर हेच गणित अगदी वेगळं झालं असतं.

दुसरी ओळ आदर्श वायूचं समीकरण. तिसरीत V ची किंमत घातली. P च्या घातांकात १ होताच, छेदातून आलेला गॅमा त्यातून वजा झाला, म्हणून 1-γ. nR स्थिर असल्यामुळे K मध्ये गेलं. बरोबर. चौथ्या ओळीत एका बाजूला तापमानं, दुसऱ्या बाजूला दाब. इथे तापमान T2 भागिले T1 आणि दाब उलटा, P1 भागिले P2, कारण दाब समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला गेलेत. हेही बरोबर.

पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती बोलायची थांबली.

चौथीत P1/P2 आहे, पाचवीत P2/P1. घातांक मात्र तोच, फक्त गॅमाने भागलेला. मी विचारलं, "इथे काय केलंस?" ती म्हणाली, "एक दशांशाचा लॉग नको होता म्हणून अपूर्णांक उलटा केला. दहा सोपा जातो." उलटा करायला हरकत काहीच नाही, पण अपूर्णांक उलटला की घातांकाचं चिन्हही उलटतं, 1-γ चा γ-1 होतो. तिने अर्धंच काम केलं होतं. घातांक उणे ०.२८५७ राहिला, तो अधिक व्हायला हवा होता.

दुरुस्त केल्यावर १० चा ०.२८५७ वा घात १.९३१ आला, आणि तापमान ५७९ केल्विन. १५५ नाही.

खरं तर हे सहाव्या ओळीतच दिसायला हवं होतं. वायू दाबला, उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, मग तो गार कसा होईल? खाली गेटपाशी वॉचमनकाकांचा सायकलचा पंप असतो. चहाला उतरलो तेव्हा आम्ही त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकात तीसेक वेळा हवा मारली आणि पंपाला हात लावला. नळीचा खालचा भाग, जिथे हवा दाबली जाते, चांगला गरम झाला होता. वरचा भाग जेमतेम कोमट. दट्ट्या घासून तापला असता तर नळी वरपर्यंत सारखीच तापली असती. काका म्हणाले, "ताई, आता बस करा, टायर फुटेल." १५५ केल्विन म्हणजे उणे ११८ अंश सेल्सिअस. त्या हिशोबाने नळीच्या खालच्या टोकाला बर्फ धरायला हवा होता.

पण मग पुढचा प्रश्न, आणि मला खरा रस यातच वाटला. तापमान इतकं उलटं आलं असूनही कार्याचं चिन्ह बरोबर कसं आलं? तापमान घटलं असेल तर वायूने केलेलं कार्य धन यायला हवं. ती त्या उणे चिन्हावर विसंबून होती. 'चिन्ह जुळलं म्हणजे पद्धत बरोबर, चूक आकडेमोडीतच' असं तिने धरून घेतलं आणि सगळी दुपार लॉगच्या पानांत घालवली.

उत्तर सातव्या ओळीत होतं. वायूने केलेलं कार्य nR(T1 - T2)/(γ-1) असतं, आधीचं तापमान वजा नंतरचं. तिने नंतरचं वजा आधीचं लिहिलं होतं. मी विचारलं हे कुठून आणलंस, तर तिने केमिस्ट्रीची वही काढली. तिथे हेच सूत्र, अगदी बरोबर लिहिलेलं. फरक एवढाच की केमिस्ट्रीत W म्हणजे वायूवर केलेलं कार्य, आणि पहिला नियम ΔU = Q + W असा. फिजिक्सला W म्हणजे वायूने केलेलं कार्य, आणि नियम ΔU = Q - W. अक्षर एक, अर्थ उलटे. एकाच वर्षात, एकाच दप्तरात दोन्ही पुस्तकं असतात, आणि दोन्हींत हा प्रकरणाचा पायाच आहे. मला तिचा दोष वाटला नाही. पण W लिहिताना शेजारी 'वायूने' की 'वायूवर' हे शब्दात लिहायलाच हवं.

म्हणजे चुका दोन होत्या. पहिलीने तापमानाचा फरक धनचा ऋण केला, दुसरीने कार्याचं चिन्ह परत फिरवलं. उणे चिन्ह आलं ते या दोघींनी एकमेकींना झाकल्यामुळे. एकच चूक असती तर उत्तर धन आलं असतं आणि ती दहा मिनिटांत सापडली असती.

आणि तो 'जवळजवळ दुप्पट'! खरा फरक ३०० वरून ५७९, म्हणजे २७९. तिचा ३०० वरून १५५, म्हणजे १४५. मी सहज भागाकार केला, तर १.९३ आला. तोच, १० चा ०.२८५७ वा घात! थोडा वेळ योगायोग वाटला, मग कागदावर मांडलं. गुणोत्तराला x म्हणा. बरोबर फरक x - 1 च्या पटीत, तिचा फरक 1 - 1/x च्या पटीत, आणि यांचा भागाकार नेमका x. घातांकाचं चिन्ह उलटलं की बरोबर उत्तर आणि चुकीचं उत्तर यांच्यात नेमकं तापमानाचं गुणोत्तरच उरतं. दोनाच्या जवळ होतं एवढंच, दोन नव्हतं. हा आकडा आधी नीट काढला असता तर त्यानेच आम्हाला पाचव्या ओळीपाशी नेलं असतं. मैत्रीण उठून उभीच राहिली. समोरच्या बाकावरच्या दादांनी वर पाहिलं म्हणून आम्ही आवाज कमी केला.

नवं उत्तर उणे ५८०३ ज्यूल. जुळलं. पण एकदा जुळलेल्या चिन्हाने फसवलं होतं, म्हणून आकारमान काढून परत तपासलं. सुरुवातीला २४.६ लिटर. ५७९ केल्विन आणि १० अ‍ॅटमॉस्फिअरला ४.७५ लिटर. आता P गुणिले V चा १.४ वा घात: आधी ८८.६, नंतरही ८८.६. तिच्या जुन्या १५५ केल्विनने आकारमान १.२७ लिटर येत होतं आणि हाच गुणाकार १४. पहिल्या ओळीत स्वतः लिहिलेला K शेवटी तिने कधी मोजलाच नव्हता.

तिच्या आलेखातही हे दिसत होतं. आयसोथर्मल रेषेपेक्षा अ‍ॅडियाबॅटिक रेषा उभी काढली होती, छान. तापमान ३०० च राहिलं असतं तर आकारमान २.४६ लिटर झालं असतं. दाबताना तापलेली हवा त्याहून जास्त जागा घेणार, म्हणून शेवटचा बिंदू आयसोथर्मलच्या उजवीकडे हवा. १.२७ डावीकडे जातं.

शेवटी तिने पुन्हा 'हळूहळू' या शब्दावर बोट ठेवलं. एकदम दाबलं तर? मग P V^γ सोडून द्यावं लागतं आणि सरळ ऊर्जेचा हिशोब करावा लागतो: बाहेरचा १० अ‍ॅटमॉस्फिअरचा दाब गुणिले आकारमानातली घट, ते सगळं अंतर्गत ऊर्जेत. सोडवलं तर १०७१ केल्विन आलं. सुरुवात तीच, शेवटचा दाबही तोच, तरी तापमान जवळपास ५०० नी जास्त. (इतक्या तापमानाला हवेचा गॅमा १.४ राहत नाही, कमी होतो, म्हणून हा आकडा फक्त कागदावरचा. ५७९ पर्यंत मात्र फारसा फरक पडत नाही.)

साडेआठला निघायची तयारी केली तेव्हा ती मागची पानं उलटत होती. त्याच प्रकरणाची आणखी चार गणितं सोडवलेली. दोन आकारमानावरून होती, ती बरोबर निघाली. उरलेल्या दोन्हींत तीच पाचवी ओळ, तोच उलटा अपूर्णांक. एकात तर वायू प्रसरण पावत होता आणि तापमान ३०० वरून ३६६ ला चढलं होतं. त्याचं उत्तर पुस्तकात दिलेलं नव्हतं, म्हणून तिने बरोबरची खूण करून ठेवली होती. तिने ती खूण खोडली, बॅग परत खाली ठेवली आणि म्हणाली, "पाच मिनिटं थांब."

आम्ही साडेनऊला निघालो.