तंबोऱ्याची पहिली तार आणि हातातली कादंबरी

“कादंबरी वाचताना मागे काहीतरी संगीत लावावंसं वाटतं, पण लावलं की लक्ष तिकडेच जातं. रहस्यकथेला एक, प्रेमकथेला दुसरं, कौटुंबिक कादंबरीला तिसरं, असं काही ठरवता येतं का?”

ठरवता येते, आणि त्यासाठी गाण्यांची लांबलचक यादी लागत नाही. माझा सगळा भर तंबोऱ्यावर आहे. चार तारांपैकी मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची, या तीन कायम राहतात. पहिली मात्र रागानुसार पंचमात, मध्यमात किंवा निषादात लावतात. या एका तारेने खोलीची हवा बदलते. वाचनाला पार्श्वभूमी हवी असते ती एवढीच. तंबोऱ्याच्या ॲपमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात पहिली तार निवडण्याची सोय असतेच, त्यामुळे प्रत्यक्ष वाद्य घरात नसले तरी अडत नाही.

शब्द असलेले गाणे मात्र तिन्ही प्रकारांत वर्ज्य समजावे. वाचताना आपण मनातल्या मनात शब्द उच्चारत असतो आणि कानावर पडणारे शब्द नेमक्या त्याच जागेवर हक्क सांगतात. ‘मला ती भाषा कळत नाही, म्हणून परकी गाणी चालतील’ ही पळवाटही फारशी उपयोगी नाही. अल्पकालीन स्मृतीवर 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ऐकणाऱ्यांना न समजणाऱ्या भाषेतले बोलणे कानावर पडत असतानाही त्यांना अक्षरांचे क्रम लक्षात ठेवणे जड गेले होते. सतत बदलणारा आवाज एकसारख्या आवाजापेक्षा जास्त अडथळा आणतो, हेही पुढच्या अभ्यासांत दिसले. हे प्रयोग कादंबरीवाचनाचे नव्हते, पण वाचताना येणारा अनुभव त्यांच्याशी जुळतो.

रहस्यकथेसाठी मी मारव्याचा आलाप सुचवतो. मारव्यात पंचम वर्ज्य असतो, रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र. शिवाय कलाकार षड्जावर येणे पुन्हा पुन्हा टाळतो, तो रिषभ आणि धैवताभोवतीच घोटाळत राहतो. मागे तंबोऱ्यात षड्ज अखंड वाजतो आहे आणि सूर मात्र त्यावर टेकत नाही, त्यामुळे कानाला सतत काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. ही अस्वस्थता रहस्यकथेला फार मानवते, कारण ती पानावरच्या कोणत्याही एका घटनेला बांधलेली नसते. ‘सस्पेन्स’ या नावाखाली मिळणारे पार्श्वसंगीत मला याच कारणासाठी नको वाटते. त्यातले अचानक येणारे ठोके आणि किंचाळणारी व्हायोलिने पडद्यावरच्या दृश्यासाठी रचलेली असतात. निरीक्षक नुसता दार उघडत असताना मागे ठोका पडला, तर वाचकाला लेखकाने न दिलेली धास्ती मिळते आणि खरी धास्ती येते तेव्हा ती बोथट झालेली असते.

एक बैठक कशी जाते ते सविस्तर सांगतो. समजा, साक्षीदारांच्या जबानीची प्रकरणे समोर आहेत. पहिली तार निषादात लावलेला तंबोरा आधी दोन-तीन मिनिटे एकटाच वाजू द्यावा. कान त्याला सरावले की सुरबहार किंवा सरोदवरचा मारव्याचा संथ आलाप सुरू करावा. लांब ध्वनिमुद्रणात तो पंधरा-वीस मिनिटे सहज चालतो, तेवढ्यात दहाएक पाने निवांत होतात. मग जोड सुरू होतो. तबला अजून आलेला नसतो, पण तारांवर एक ठाम लय धरली जाते, आणि इथेच सावध राहावे लागते. लय आली की डोळे तिच्यामागे धावू लागतात. संवादांची अवतरणचिन्हे आपण झपाझप गाठतो आणि मधली वर्णने नजरेखालून निसटतात. रहस्यकथेत लेखकाने धागा ठेवलेला असतो तो नेमका अशाच वर्णनात: कोनाड्यातली बंद पडलेली घड्याळे, कोरडी राहिलेली छत्री. म्हणून जोड सुरू होताच ध्वनिमुद्रण थांबवून आलापाच्या सुरुवातीला परत न्यावे, त्यापुढच्या ‘झाला’ या वेगवान भागापर्यंत जाऊ देऊ नये. शेवटची दोन-तीन प्रकरणे उरली की आलापही बंद करून नुसता तंबोरा ठेवावा आणि उलगडा सुरू झाल्यावर तोही थांबवावा. तिथे वाचकाला मागची पाने आठवून तपासायची असतात, आणि त्यासाठी शांतता लागते.

प्रेमकथेला बहुतेक जण गोड, प्रसन्न काहीतरी शोधतात. माझे मत थोडे वेगळे आहे. प्रेमकथेची बरीचशी पाने भेटीची नसून वाट पाहण्याची असतात, म्हणून संगीतही वाट पाहणारे हवे. बागेश्रीत गंधार आणि निषाद कोमल असतात, पंचम अगदी थोडा लागतो आणि मध्यमावर स्वर निवांत विसावतो. म्हणूनच इथे पहिली तार मध्यमात लावतात. मारव्यात जो टेका मिळत नाही तो इथे मिळतो, पण षड्जावर नव्हे तर वाटेतल्या मध्यमावर. पोचल्याचे समाधान त्यात नसते, थांबण्याची तयारी असते. बासरीवरचा बागेश्रीचा आलाप इथे उत्तम बसतो. फक्त त्या रागातली एखादी बंदिश किंवा चित्रपटगीत तुमच्या तोंडी बसलेले असेल तर हा राग बाजूला ठेवा. ओळखीची चाल डोकावली की तिचे शब्द मनात उमटतात आणि तिची स्वतःची गोष्ट नायक-नायिकेच्या मध्ये येऊन बसते.

कौटुंबिक कादंबरीसाठी मी रागही सुचवत नाही, नुसता पंचमाचा तंबोरा लावायला सांगतो. अशा कादंबरीचा जीव संवादांत असतो. सासूचा तुटक होकार, धाकट्याचे अडखळणे, मोठ्या भावाचे विषय बदलणे, हे सगळे मनातल्या कानाने ऐकावे लागते, तेव्हा कुठे कोण काय लपवतो आहे ते कळते. गायकी अंगाने वाजवलेले कोणतेही वाद्य या आवाजांमध्ये आणखी एक बोलणारा माणूस आणून बसवते. पंचम आणि षड्ज मात्र काहीच सुचवत नाहीत, ना सुख ना दुःख. चार तारांचे एक आवर्तन साधारण चार-पाच सेकंदांत पुरे होते, आणि जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा, चांगली असेल तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधारही हलकेच ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एकाच घरातल्या तीन पिढ्यांची कथा या एकाच आवर्तनावर अखेरपर्यंत वाचता येते, कारण प्रसंग कितीही बदलले तरी मागे काही बदलावे लागत नाही.

आवाज किती ठेवावा, याची माझी कसोटी साधी आहे: पान उलटल्याचा आवाज संगीतापेक्षा स्पष्ट ऐकू आला पाहिजे. हेडफोनमध्ये ही कसोटी लावता येत नाही, म्हणून छोटा स्पीकर पाठीमागे, थोड्या अंतरावर ठेवलेला बरा. ऑटोप्ले आधी बंद करावा, नाहीतर आलाप संपताच द्रुत तराणा सुरू होतो आणि प्रकरणाचा रंग एका क्षणात उतरतो. आणि एकच ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली तर आवाज कमी करा. तिसऱ्यांदा वाचावी लागली तर त्या दिवशी ते संगीत त्या पुस्तकाला नको आहे, ते बंद करून पुढे वाचा.