लाइट बिलाचा फोटो

‘तुम्ही घरांच्या छतांवर सोलर बसवता. समोरचा फोन उचलताच “फक्त डिटेल्स पाठवा” म्हणतो, तेव्हा तुम्ही काय म्हणता?’

मी ‘हो, पाठवतो’ म्हणतो आणि खरोखर पाठवतो. धंद्यात नवीन आलेली मुलं इथंच अडखळतात. ‘आधी दोन मिनिटं बोलू या ना सर’ असा आग्रह धरतात आणि समोरच्याचा आवाज तिथल्या तिथे कोरडा होतो. त्यानं काहीतरी मागितलंय, ते मिळेल हे त्याला आधी कळायला हवं. पुढचं बोलणं त्यानंतरचं.

अडचण एवढीच, की सोलरमध्ये ‘डिटेल्स’ नावाचा तयार कागद नसतो. कुणाला दोन किलोवॅट पुरतं, कुणाला पाच लागतं, आणि कुणाच्या गच्चीवर शेजारच्या इमारतीची सावली इतकी पडते की मी नकोच म्हणतो. म्हणून माझं पुढचं वाक्य ठरलेलं आहे: ‘किती किलोवॅटचे पाठवू ते तुमच्या वापरावर ठरेल. लाइट बिलाचा फोटो टाका, मागच्या बारा महिन्यांचे युनिट दिसतील असा. तासाभरात तुमच्या घराचा हिशोब पाठवतो.’ मी त्याचा वेळ मागत नाही, एक फोटो मागतो. तो काढायला अर्धा मिनिट लागतो. ज्याला खरंच सोलर बसवायचंय तो पाठवतो. ज्याला फोन नम्रपणे ठेवायचा होता तो पाठवत नाही, आणि दोघांचेही तीन आठवड्यांचे फोन वाचतात.

पूर्वी मी सगळ्यांना एकच पीडीएफ पाठवायचो. त्यात शेवटच्या पानावर ठळक लिहिलेलं असायचं: तीन किलोवॅट, सबसिडीनंतर १,१२,००० रुपये. एका गृहस्थांनी ते वाचलं, घरात ठरवलं, तेवढे पैसे बाजूला काढले आणि मला बोलावलं. तिथे बसल्यावर कळलं की आधी पूर्ण १,९०,००० भरायचे. पीएम सूर्यघर योजनेतले ७८,००० रुपये प्रकल्प बसून, वीज कंपनीला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली वीज मोजणारा नेट मीटर लागून, पोर्टलवरची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतात. त्यांना मी फसवल्यासारखं वाटलं आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मधली पायरी त्या कागदावर नव्हती. तेव्हापासून मी दोन्ही रकमा एकाच ओळीत लिहितो, भरायची आधी आणि परत येणारी नंतर.

गेल्या मार्चमधला एक फोन सांगतो. एका काकूंनी फोन केला. ‘अहो, जाहिरात बघितली. बोलायला वेळ नाही, फक्त डिटेल्स पाठवा.’ मी वरचंच उत्तर दिलं आणि जोडून एकच प्रश्न विचारला: ‘घरात कुणाला दाखवायचेत, की दुसरं कोटेशन आलंय त्याच्याशी ताडून बघायचंय?’ हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोघांना वेगळे डिटेल्स लागतात. घरी दाखवायचं असेल तर वाचणारा माणूस फोनवर नसतो, त्यामुळे मजकूर माझ्या मदतीशिवाय समजायला हवा. ताडायचं असेल तर पॅनेल भारतीय सेलचे आहेत का, कारण सबसिडीला तेच लागतात, स्टँडची उंची किती, नेट मीटरचा खर्च आत आहे की वेगळा, हे लिहावं लागतं. काकू म्हणाल्या, ‘दोन्ही. मुलगा पुण्यात असतो, पैसे तो देणार. आणि एकानं पाच किलोवॅट सांगितलंय.’

बिल आलं. वर्षाचा वापर ३,३६० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी २८०. हिवाळ्यात १८०च्या आसपास, एप्रिल-मेमध्ये एसीमुळे ४२०. आपल्याकडे एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतं असं धरतो. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. २८० भागिले १२० म्हणजे २.३. तीन किलोवॅट घेतलं तर सरासरी ३६० युनिट होतात, उन्हाळ्याची ओढ निघते आणि थोडी जागा उरते. पाच किलोवॅटचे ६०० होतात. वर्षअखेर शिल्लक राहणाऱ्या युनिटना मिळणारा दर आपण भरतो त्याच्या बराच खाली असतो. शिवाय सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अशी आहे. तीनच्या पुढे ती वाढत नाही. वरच्या दोन किलोवॅटचा सगळा खर्च खिशातून.

मग मी हे पाठवलं:

‘काकू, तुमच्या बिलाप्रमाणे ३ किलोवॅट पुरेसं आहे. आधी भरायचे १,९०,००० रुपये, काम पूर्ण झाल्यावर सबसिडीचे ७८,००० रुपये तुमच्या खात्यात. गच्चीवर साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा लागेल. पाच किलोवॅट का नको, ते खाली लिहिलंय. गच्चीचे दोन फोटो पाठवाल का, सकाळी नऊचा आणि दुपारी चारचा? सावली कुठे पडते ते बघून मगच हा आकडा पक्का धरा. उद्या संध्याकाळी सात वाजता फोन केला तर चालेल?’

बस, एवढंच. शेवटची वेळ विचारणं मी कधी चुकवत नाही. नुसते डिटेल्स पाठवले की पुढची हालचाल कुणाची हेच ठरत नाही. मी चार दिवसांनी ‘बघितलं का?’ विचारतो, समोरचा ‘अजून नाही’ म्हणतो आणि तिथून सगळं विरतं. वेळ त्यांनी दिली असेल तर फोन माझा लोचटपणा ठरत नाही.

बिल नाहीच दिलं तर? मी पुन्हा मागत नाही. ‘महिन्याला २०० ते ३५० युनिट वापरणाऱ्या घराला साधारण इतकं लागतं’ असं अंदाजाचं लिहून पाठवतो आणि अंदाज आहे हेही लिहितो. हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी मात्र वेगळे. त्यांना बऱ्याचदा सभेपुढे तीन कोटेशन ठेवायची असतात, तिथे प्रश्न न लांबवता नीट सही-शिक्क्याचं कोटेशन देणं हेच योग्य. फक्त सभा कधी आहे ते विचारून घ्यावं.

काकूंचे फोटो दुसऱ्या दिवशी आले. चारच्या फोटोत पाण्याच्या टाकीची सावली नेमकी पॅनेलच्या जागेवर. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली पडली की नुकसान त्याच्यापुरतं राहत नाही, साध्या इन्व्हर्टरवर माळेतली बाकीचीही मागे ओढली जातात. मी तसं लिहिलं. संध्याकाळी सातला फोन करायच्या आधीच पुण्याहून मुलाचा फोन आला: ‘आईला पाठवलेलं वाचलं. टाकी सहा फूट बाजूला सरकवली तर पाइपचं काम तुम्ही बघाल का?’