पाणी कोणाचं, कुठल्या नळाचं, किती वाजेपर्यंत बंद? रायझर बदलताना लिहिलेली नोटीस

आमची सोसायटी गोव्यात फोंड्यात आहे. खाली पार्किंग, वर चार मजले आणि मजल्यावर चार असे सोळा फ्लॅट. ओपा जलप्रकल्पाचं पाणी जमिनीखालच्या सम्पमध्ये येतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून डक्टमधल्या उभ्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, लाईनींतून घरोघर उतरतं. चढणारी असो की उतरणारी, आमच्याकडे सगळ्यांना 'रायझर'च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

ऑगस्टमध्ये, ऐन चतुर्थीच्या तयारीत, पूर्वेच्या डक्टमध्ये दुसऱ्या मजल्यावर एल्बोच्या वळणापाशी गळती लागली. गेल्या वर्षभरात त्या डक्टमध्ये तीनदा रबर गुंडाळून क्लॅम्प मारले होते. या वेळी प्लंबरने पाना लावताच वरचा जोडही हलला आणि त्यातूनही पाणी यायला लागलं. जीआयचा पाइप आधी आट्यांपाशीच खातो. आटे पाडताना तिथली जाडी कमी होते आणि जस्ताचा थरही निघून जातो. अशा लाईनीत एक तुकडा बदलायला गेलं की पिळामुळे शेजारचा कुजका जोड सुटतो. त्याने कापून काढलेला तुकडा मी सभेत टेबलावर ठेवला. बाहेरून दीड इंची पाइप, पण आत गंजाच्या गाठी इतक्या वाढलेल्या की माझी करंगळी जेमतेम जात होती. सकाळी नळाला येणाऱ्या पहिल्या लाल पाण्याचा उलगडा सगळ्यांना तिथेच झाला. चारही उतरत्या लाईनी आणि पंपाची चढती लाईन सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपमध्ये बदलायची, असा ठराव त्याच सभेत झाला.

मग मी नोटीस लिहायला बसले. पहिला मसुदा असा होता: 'रायझर दुरुस्तीसाठी सोमवार ते शुक्रवार पाणीपुरवठा बंद राहील, सहकार्य करावे.' बोर्डावर लावण्याआधी तो पहिल्या मजल्यावरच्या काकींना दाखवला. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले काका आहेत. त्या म्हणाल्या, "वहिनी, पाच दिवस पाणी नाही म्हणजे मी यांना घेऊन माहेरी जाऊ का? की दुपारीच नसेल? स्वयंपाकघरातलं नसेल की बाथरूममधलं?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधेपर्यंत नोटीस लावायची नाही असं ठरवलं.

उत्तर मिळालं गच्चीवर. एका संध्याकाळी प्लंबर टाकीपाशी एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेला आणि प्रत्येक घरात एक माणूस सगळे नळ उघडून कुठला थांबला ते कागदावर लिहीत होता. दोन गेट व्हॉल्व्ह फिरत होते पण पाणी काही थांबेना. आतली झडप दांड्यापासून सुटली होती. तिथे त्याने जोर लावला नाही, कारण झडप बंद स्थितीत अडकली असती तर सगळी लाईन तिथेच कोरडी पडली असती. ते दोन व्हॉल्व्ह बदलायच्या यादीत गेले आणि त्या लाईनींची तपासणी टाकीच्या तोंडाला बूच मारून केली. या एका संध्याकाळीत कळलं की आमच्या लाईनी फ्लॅटप्रमाणे नाहीत, खोलीप्रमाणे आहेत. प्रत्येक डक्टमध्ये दोन लाईनी: एक स्वयंपाकघरांची, एक बाथरूमांची. एका लाईनीवर शेजारशेजारचे दोन-दोन फ्लॅट, म्हणजे चार मजल्यांवर आठ घरं. तिसऱ्या मजल्यावर एका घरात नूतनीकरणात वॉशिंग मशीनचा नळ बाथरूमच्या लाईनीवरून घेतला होता, तेही तेव्हाच समजलं.

म्हणजे एका दिवशी एकच लाईन घेतली, तर कुठलंही घर पूर्ण कोरडं पडत नाही. स्वयंपाकघर बंद असेल तेव्हा बाथरूमला पाणी असतं, आणि उलटही. पहिल्या मसुद्यात पाच दिवस कोरडी ठेवलेली इमारत नव्या आखणीत प्रत्येक घरामागे फक्त दोन दिवसांवर आली, आणि त्या दोन्ही दिवशी घरात दुसरीकडे पाणी होतंच.

बंदचे तास कमी करण्याची युक्ती प्लंबरचीच. जुनी लाईन चालू ठेवून त्याने शेजारी नवी लाईन आधी उभी केली, प्रत्येक मजल्यावर घरासाठी एक बॉल व्हॉल्व्ह आणि पुढे युनियन, म्हणजे पाइप न कापता सोडता येणारा जोड, तयार ठेवला. दाबाची चाचणीही आधीच, टेस्ट पंप लावून केली. टाकीपासून खालच्या नळापर्यंत साधारण सोळा मीटर उंची, म्हणजे रोजचा दाब चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आसपास. आम्ही पाच किलो देऊन दोन तास काटा पाहिला. सीपीव्हीसीचे जोड सिमेंटने चिकटवतात आणि ते सुकायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ असा आधीच निघून गेला. बंदच्या दिवशी फक्त जुनं कापायचं, आट्यांचा जोड टेफ्लॉन टेप लावून आवळायचा आणि पाणी सोडायचं. लाईन भिंतीला घट्ट जखडली नाही, सरकू देणारे क्लॅम्प लावले. प्लास्टिकचा पाइप उन्हाने लांबतो. बारा मीटरच्या लाईनीत वीस अंशांच्या फरकाने दीडेक सेंटिमीटर.

तारखांवर मात्र वाद झाला. बहुतेकांना रविवार हवा होता, सगळे घरी असतात म्हणून. मी नाही म्हटलं. एखादं फिटिंग कमी पडलं तर रविवारी हार्डवेअरचं दुकान बंद असतं. आठवड्यातही दुपारी एकला शटर पडलं की तीनच्या पुढे उघडतं, म्हणून साडेबाराच्या आत फिटिंग मोजायचा नियमच केला. दिवाळी आणि तुळशीचं लग्न होऊ दिलं, पाऊसही संपला, मग काम धरलं. शेवटी लावलेली नोटीस अशी होती:

'सोमवार: पंपाची चढती लाईन. घरातलं पाणी बंद नाही. रविवारी रात्री टाकी पूर्ण भरलेली असेल, पण सोमवारी दिवसभर टाकी भरता येणार नाही. कपडे व गाड्या धुऊ नयेत.
मंगळवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५: पूर्वेकडील फ्लॅट १ व २ (सर्व मजले), फक्त स्वयंपाकघर बंद.
बुधवार, त्याच वेळात: हेच फ्लॅट, फक्त बाथरूम बंद. तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅट २ मध्ये वॉशिंग मशीनही बंद.
गुरुवार: पश्चिमेकडील फ्लॅट ३ व ४, स्वयंपाकघर. शुक्रवार: हेच फ्लॅट, बाथरूम.
शनिवार राखीव.

आपल्या दिवशी सकाळी ९ वाजेपर्यंत त्या खोलीतले सर्व नळ बंद करावेत. गिझर बटणावरून बंद करावा आणि पाणी आल्यावर गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत सुरू करू नये. फिल्टर आणि वॉशिंग मशीनचे नळ बंद ठेवावेत. पाणी आल्यावर आधी जाळी नसलेला नळ पाच मिनिटे सोडावा. बंद फ्लॅटची चावी रविवारपर्यंत द्यावी.'

गिझरची ओळ काहींना जास्तीची वाटली होती. गिझरमध्ये थंड पाणी खालून येतं. लाईन रिकामी झाली आणि उलट्या दिशेला अडवणारा व्हॉल्व्ह नीट नसला, तर गिझरच्या टाकीतलं पाणी त्याच वाटेने डक्टमध्ये उतरतं. मग कोरडा गिझर चालू केला की कॉइल जळते. म्हणून मी प्रत्येक दाराशी जाऊन ती ओळ वाचून दाखवली.

सोमवार टाकीच्या भरवशावर सुरळीत गेला. आमची टाकी आठ हजार लिटरची. तेव्हा इमारतीत राहत होती पंचेचाळीस माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तरी सहा हजारांच्या आसपास.

मंगळवारी मात्र फसलो. दुसऱ्या मजल्यावर भिंतीत जाणारा जुना निपल, म्हणजे दोन्हीकडे आटे असलेला पाइपचा आखूड तुकडा, सोडवताना भिंतीच्या आतच तुटला. आटे आत, धरायला काहीच बाहेर नाही. सिंकमागची टाइल फोडून नवा निपल बसवावा लागला. गवंडी सात वाजता मिळाला, पाणी साडेनऊला आलं. त्या घरात वहिनी दोन मुलांना घेऊन बाथरूममधून पातेल्याने पाणी आणत होत्या. मी रात्रीच नोटीस बदलली: 'पाणी ५ ला येईल असा प्रयत्न आहे. रात्री ९ पर्यंत पुरेल इतकं भरून ठेवावं. सिंकखालचं कपाट रिकामं करावं आणि घरात जुनी टाइल शिल्लक असेल तर बाजूला काढून ठेवावी.' बुधवारपासून गवंड्याला सकाळीच बोलावलं. आणखी दोन निपल तुटले, पण दोन्ही घरांना संध्याकाळी सहाच्या आत पाणी मिळालं.

चावीचं महत्त्व शुक्रवारी कळलं. पाच फ्लॅट बंद असतात. दोघे जहाजावर, बाकीचे मुंबईला. चार चाव्या मिळाल्या. पाचव्या घरात शिरता येत नव्हतं आणि आत नळ उघडा आहे की बंद, कोणालाच ठाऊक नव्हतं. पाणी सोडण्याआधी डक्टमधला त्या घराचा नवा बॉल व्हॉल्व्ह बंद केला आणि त्यावर चिठ्ठी बांधली. पंधरवड्याने मालक आले. बाथरूमचा नळ पूर्ण उघडा होता, जाताना पाणी नव्हतं तेव्हा तसाच राहिलेला. व्हॉल्व्ह बंद नसता तर खालच्या दोन घरांचं छत गेलं असतं.

पहिल्या मजल्यावरच्या काकींकडे मी आधी आणि नंतर बादली लावून पाहिली होती. शेजारचा नळ चालू असताना पंधरा लिटरची बादली आधी तीन मिनिटांवर घ्यायची, आता एका मिनिटाच्या आत भरते.

एक गोष्ट नोटिशीत आधीच असायला हवी होती, ती शनिवारी इलेक्ट्रिशियनने दाखवली. जुन्या वायरिंगमध्ये काही घरांत गिझरचं अर्थिंग वेगळ्या तारेने न देता जीआय पाइपला जोडलेलं असतं. पाइप प्लास्टिकचा झाला की ते अर्थिंग तुटतं, आणि गिझर मात्र पूर्वीसारखाच चालत राहतो, त्यामुळे कोणाला कळत नाही. आमच्याकडे अशी तीन घरं सापडली. तिन्ही गिझर त्याच दिवशी बंद करायला लावले. दोन घरांत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत नेऊन झाली आहे. तिसऱ्या घरातली पुढच्या आठवड्यात होईल. तोपर्यंत त्यांच्या गिझरचा प्लग माझ्याकडे काढून ठेवला आहे.