अमळनेरच्या पूर्वमुखी प्लॉटचे रेंडर: माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांमध्ये एकट्याने काम करणारे अनेक आर्किटेक्ट आहेत आणि त्यांच्यासाठी मी घरांची रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेली खऱ्यासारखी चित्रे, तयार करतो. गेल्या फेब्रुवारीत अमळनेरच्या एका आर्किटेक्ट मॅडमनी मोकळ्या प्लॉटचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि ट्रेसिंग पेपरवर हाताने काढलेले स्केच पाठवले. घरमालकांना आपले घर नेमके त्याच गल्लीत उभे राहिलेले पाहायचे होते.

स्केच चांगले होते, परंतु ते मापात नव्हते. दर्शनी भागाच्या चित्रात पोर्चचे दोन खांब एकमेकांपासून बरेच लांब दिसत होते, तर प्लॅनवर त्यांच्यातील अंतर १२ फूट लिहिलेले होते. अशा वेळी रेषेपेक्षा लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि जो आकडा लिहिलेला नाही तो फोनवर विचारून घ्यावा, असा माझा नियम आहे. विचारल्यावर मिळालेली मापे अशी होती: जोते रस्त्यापासून अडीच फूट, दोन्ही मजले प्रत्येकी साडेदहा फूट, गच्चीचा पॅरापेट साडेतीन फूट, म्हणजे रस्त्यापासून एकूण उंची २७ फूट. समोर १० फूट मार्जिन आणि त्यापुढे ३० फुटी रस्ता होता.

खरी अडचण फोटोत होती. तो व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आल्यामुळे त्यातील लेन्सची आणि वेळेची माहिती निघून गेली होती. शिवाय डाव्या बाजूचा कचऱ्याचा ढीग दिसू नये म्हणून तो कापलेला होता. फोटोतील समांतर रेषा जिथे मिळतात ते बिंदू शोधून fSpy हा मोफत प्रोग्राम कॅमेऱ्याची जागा आणि लेन्सचा कोन काढून देतो, पण वेगळे सांगितले नाही तर तो चित्राचा मध्यबिंदू हाच लेन्सचा मध्य आहे असे गृहीत धरतो. एका बाजूने कापलेल्या फोटोत हे गृहीतक मोडते, आणि मग घर रस्त्यावर नीट बसत असले तरी त्याचा वरचा मजला किंचित एका अंगाला ओढल्यासारखा वाटतो.

त्याहून मोठा प्रश्न उन्हाचा होता. मॅडमच्या सांगण्यानुसार फोटो दुपारी चारच्या सुमारास काढलेला होता आणि प्लॉट पूर्वमुखी होता. अमळनेरचे रेखांश सुमारे ७५ अंश आणि आपली घड्याळे ८२.५ अंशांवर लावलेली, म्हणून तिथला सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे असतो. फेब्रुवारीच्या मध्यात त्यात आणखी साधारण १४ मिनिटांची भर पडते. अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल आणि रेंडर करण्याच्या प्रोग्रामच्या Sun Position या ऍड-ऑनमध्ये भरल्यावर सूर्य नैऋत्येला, क्षितिजापासून सुमारे ३१ अंशांवर आला. या कोनात कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या १.६ पटींहून थोडी अधिक लांब पडते, म्हणजे २७ फूट उंच घराची सुमारे ४५ फूट. ती ईशान्येकडे तिरकी जाते, तरीही घरापासून सरळ पूर्वेकडे मोजले तर ३८ फुटांच्या पुढे पोहोचते. याचा अर्थ घर बांधले गेल्यावर त्या वेळी समोरचे मार्जिन आणि जवळपास अख्खा रस्ता सावलीत असणार होता, आणि फोटोत तोच रस्ता लख्ख उन्हात होता. घराची दर्शनी भिंत तर पूर्णच सावलीत राहणार होती.

अशा फोटोवर उजळलेली दर्शनी बाजू ठेवता येते आणि पुष्कळ ठिकाणी ती ठेवलेली दिसते, पण घर चिकटवल्यासारखे वाटते ते बहुधा याच कारणाने. शेजारच्या घराची सावली एकीकडे आणि नव्या घराचे ऊन दुसरीकडे, हे पाहणाऱ्याला सांगता आले नाही तरी खटकते. म्हणून मी मॅडमना नवा फोटो मागितला: सकाळी साडेनऊला, मोबाइल आडवा धरून, मुख्य लेन्सने, न कापता, आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून.

‘‘समोरच्या बाजूने रस्त्याच्या कडेला उभी राहून काढते,’’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना ईशान्येच्या कोपऱ्यावर, घराच्या जागेपासून निदान ६० फूट लांब उभे राहायला सांगितले. कारण हिशेबाचे होते. आडवा मोबाइल वर न वाकवता धरला तर मुख्य लेन्स ४० फुटांवरून साधारण २३ फूट उंचीपर्यंतच पाहते. पॅरापेट चौकटीबाहेर जाईल आणि तो आत घ्यायला मोबाइल वर वाकवला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकू लागतात. कोपऱ्यावरून आणखी एक फायदा असा की पूर्वेची भिंत उन्हात आणि उत्तरेची सावलीत दिसते, त्यामुळे घराला घनपणा येतो.

मॅडमनी शेजारच्या कंपाउंडची भिंत टेपने मोजून कळवली: लांबी १८ फूट, उंची ५ फूट. लांबीवरून fSpy मध्ये प्रमाण ठरले. उंचीचा उपयोग तपासणीसाठी झाला, कारण त्या मोबाइल साधारण ५ फुटांवर धरून उभ्या होत्या आणि रस्ता सपाट होता. अशा वेळी क्षितिजरेषा त्या भिंतीच्या माथ्यावरूनच जायला हवी, आणि ती तशी गेली. ही रेषा जुळली नसती तर पुढे एकही वीट रचण्यात अर्थ नव्हता.

मॉडेल उभे करणे हा भाग सर्वांत सोपा होता. ऊन लावल्यावर शेजारच्या गेटच्या खांबाची सावली फोटोतील सावलीवर पडते का ते पाहिले, आणि जमिनीच्या जागी एक पातळ पृष्ठ ठेवून त्याला Shadow Catcher केले, म्हणजे पृष्ठ अदृश्य राहते आणि फक्त घराची सावली फोटोवर उमटते. मात्र फोटो ब्लेंडरच्या रंगप्रक्रियेतून जाऊ दिला नाही. त्यातून तो फिकट होतो, म्हणून घराचे रेंडर पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळे काढले आणि फोटोशी जोडणी क्रिता या चित्रे रंगवण्याच्या प्रोग्राममध्ये केली.

तिथे कडुनिंबाने वेळ खाल्ला. त्याची एक फांदी घरासमोर येत होती. पाने कापून रेंडरवर ठेवली की प्रत्येक पानाभोवती मूळ आकाशाची पांढरी किनार राहते. त्यावर उपाय म्हणून फोटोतील फांदीचा भाग वेगळ्या थरावर घेतला, त्यातील आकाश पूर्ण पांढरे होईल इतके उजळले आणि तो थर Multiply या पद्धतीने वर ठेवला. पांढरे नाहीसे होते, गडद पाने उरतात. विजेच्या तारांनाही हेच चालले. तारा काढून टाका, असे मॅडम म्हणाल्या होत्या. मी त्या ठेवल्या, कारण तारांशिवायची ती गल्ली घरमालकांना आपली वाटली नसती.

पहिले चित्र पाहून घरमालकांचे वडील म्हणाले, ‘‘हाई ते आपलीच गल्ली शे!’’ मग चर्चा छज्जावर आली. दोन फुटी छज्जाची सावली त्या वेळी भिंतीवर दीड फुटाहूनही कमी उतरत होती, म्हणजे खिडकीचा बराच भाग उन्हातच होता. खान्देशातील उन्हाळा आठवून वडिलांनी तेव्हा ऊन किती येईल ते विचारले, तेव्हा मी तोच सूर्य एप्रिलच्या तारखेवर आणि त्याच वेळेवर फिरवून एक साधे, बिनरंगाचे चित्र काढून दिले. त्यावरून मॅडमनी पूर्वेच्या खिडक्यांना बाजूचे उभे पडदेही धरले, कारण सकाळचे तिरके ऊन केवळ छज्जाने अडत नाही.

बाहेरच्या रंगावर मात्र मी बोललो नाही. सकाळच्या पिवळसर उन्हातील, मोबाइलच्या पडद्यावरचा रंग हा डब्यातील रंग नव्हे. अंतिम चित्राच्या खाली तारीख, वेळ आणि ‘रंग नमुना भिंतीवर लावून ठरवावा’ एवढी ओळ लिहून मी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली.