माचू पिक्चूच्या मातीखालचे काम

आज पेरूमधील माचू पिक्चू पाहिले आणि माझे लक्ष मंदिरांपेक्षा उतारावरील पायऱ्यांसारख्या दगडी मजग्यांवरच अधिक खिळून राहिले. पंधराव्या शतकात इंका लोकांनी हे नगर सुमारे २,४०० मीटर उंचीवरील डोंगराच्या अरुंद कण्यावर वसवले, जिथे वर्षाला जवळजवळ २,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दरडींचा धोका कायम असतो. उत्खननात मजग्यांच्या आत वर सुपीक माती, तिच्याखाली वाळू व खडी आणि तळाशी मोठे दगड असे थर सापडले; त्यामुळे पाणी साचून भिंतीवर दाब न आणता हळूहळू खाली झिरपते. मधल्या चौकाखाली तर ग्रॅनाइट घडवताना निघालेल्या कपच्याच भरल्या आहेत, आणि वाया जाणाऱ्या दगडाचा हा उपयोग मला सर्वांत बुद्धिमान वाटला. घरांच्या आणि मजग्यांच्या भिंतींत पाणी बाहेर सोडणारी शंभराहून अधिक तोंडे आहेत.

महत्त्वाच्या इमारतींचे दगड चुन्याशिवाय, घडवून आणि घासून एकमेकांत इतके नेमके बसवले आहेत की भूकंपात ते किंचित हलून पुन्हा जागेवर बसू शकतात. आत झुकलेल्या भिंती आणि वर निमुळती होणारी दारे त्यांना आणखी स्थैर्य देतात. साध्या घरांत मात्र मातीच्या गाऱ्यातले ओबडधोबड बांधकामच दिसते.